बदललेल्या नावाची अमानत

उर्दू शाळेत शिकवणाऱ्याच्या हाताला एक खोड जडलेली असते. समोर वही आली की लाल पेनाचे टोपण आपोआप निघते. मुलाने 'नै' लिहिले की आपण त्याचे 'नहीं' करतो, 'मेरेकू' लिहिले की 'मुझे' करतो, आणि संध्याकाळी घरी गेल्यावर अम्मीशी स्वतः 'मेरेकू भूक नै' असेच बोलतो. वर्गात हे चालून जाते. किंबहुना तेच आमचे काम आहे. पण या खोडीमुळे एका बाईचे म्हणणे आमच्या हातून जवळजवळ पुसले गेले होते. त्यावरून आम्हांला जो प्रश्न पडला तो या लेखाचा विषय आहे. दुसऱ्याने विश्वासाने सांगितलेली गोष्ट कागदावर उतरवताना काय बदलण्याचा आपल्याला हक्क आहे, आणि काय नाही?

आम्ही म्हणजे एका तालुक्याच्या गावातल्या तीन शिक्षिका. बी.एड.ला असताना कृतिसंशोधन नावाचा एक विषय सगळ्यांनीच केलेला असतो; परीक्षेपुरता करायचा आणि विसरायचा. आम्ही मात्र नोकरीत लागल्यावर तसे एक काम खरोखरच हाती घेतले. सातवीपर्यंतच्या उर्दू शाळेतून बाहेर पडलेल्या मुली आठवीला पुढच्या शाळेत का पोचत नाहीत, हे त्यांच्या आयांना विचारायचे असे ठरवले. अकरा बायका बोलायला तयार झाल्या. प्रत्येकीची परवानगी घेऊन मोबाईलवर आवाज मुद्रित केला. नाव कुठेही येणार नाही असे सांगितले. बोलणे साधारण चाळीस मिनिटांचे. ते लिहून काढायला किती वेळ लागतो याची तेव्हा आम्हांला कल्पना नव्हती. पहिली मुलाखत उतरवायला पाच तास गेले. पुढे कळले की यात नवल काही नाही. तासाभराच्या बोलण्याला चार ते सहा तास हा या कामातला नेहमीचाच हिशेब आहे.

त्या मुलाखतीतला हा तुकडा. आमच्यापैकी एकीने विचारले होते, 'फिर स्कूल से निकाला किसने?' पहिल्या खेपेस आम्ही त्याचे उत्तर उर्दूत असे लिहिले : 'घरवालों ने बड़ी हो जाने की वजह से निकाल लिया. मैं क्या कह सकती थी.' अक्षर सुंदर, व्याकरण निर्दोष. आठ दिवसांनी दुसरी एक मुलाखत शोधताना चुकून तीच फाईल लागली, आणि कानावर आले ते असे होते :

(३) घरके. बड़ी हो गई बोलके निकाले. मैं क्या बोलनेवाली? ((हसते))

कंसातला तीन हा आकडा म्हणजे तीन सेकंद शांतता. दुहेरी कंसात आहे ते तिने उच्चारलेले नाही. ते ऐकणाऱ्याने नोंदवले आहे. आता दोन्ही पाठ शेजारी ठेवून पाहा. आपल्या दखनीतला 'बोलके' मराठी वाचकाला समजावून सांगावा लागत नाही, कारण तो मराठीतल्या 'म्हणून'चा सख्खा भाऊ आहे. 'मोठी झाली म्हणून काढली' या वाक्यात कारण तर आहेच, पण 'असे म्हणून', म्हणजे कोणीतरी म्हणून, ही सावलीही आहे. ती मोठी झाली हे बाईचे मत आहे की घरातल्यांचे, हे वाक्य उघडे ठेवते. 'की वजह से' लिहिले की ती सावली जाते. मग मुलगी मोठी झाली ही वस्तुस्थिती ठरते, शाळा सुटली हा तिचा परिणाम ठरतो, आणि आई त्या कारणाला सहमत ठरते. अहवाल वाचणारा मान हलवून लिहील, आयांनाच मुलींना पुढे शिकवायचे नाही.

पुढचे वाक्य तर त्याहून बारीक आहे. लागोपाठच्या दोन वाक्यांत तिने एकच क्रियापद वापरले आहे. ते 'बोलके' काढतात, आणि ती 'क्या बोलनेवाली'. बोलणे त्यांचे, ती बोलणारी नव्हे. हे तिने ठरवून केले असे आम्ही म्हणत नाही. पण आम्ही 'कह सकती थी' लिहिले तेव्हा ते नाते तुटले, आणि काळही बदलला. 'कह सकती थी' ही तेव्हाची, एकदाची गोष्ट होते. 'बोलनेवाली' तेव्हाही नव्हती, आजही नाही. शेवटी ते हसणे. ते गाळले की उरते ती हतबलता. ते ठेवले की वाचणारा थबकतो : ही बाई कोणाला हसते आहे? स्वतःला, घरच्यांना, की असा प्रश्न विचारणाऱ्या मास्तरणींना?

लिपीचाही यात हात होता हे आमच्या उशिरा लक्षात आले. उर्दूत 'को' लिहा की 'कू' लिहा, काफ आणि वाव हीच दोन अक्षरे. वाचणारा आपल्या सवयीने 'को' वाचतो. म्हणजे आमच्या बायकांचे 'कू' उर्दू लिपीत लिहिले तरी दिसत नाही. लिपीच ते झाकून टाकते. देवनागरीत ओकार द्यायचा की उकार याचा निर्णय घ्यावाच लागतो. म्हणून तेव्हापासून आम्ही या मुलाखती देवनागरीत उतरवू लागलो. उर्दूच्या शिक्षिकांनी हे करावे याचे आमच्या स्टाफरूममध्ये काहींना वाईट वाटले. वाटू द्या.

बोलणे कागदावर उतरवण्याचे संकेत जगात अनेक आहेत. सर्वांत सूक्ष्म आणि प्रसिद्ध ते गेल जेफरसन या अमेरिकन विदुषीचे. हार्वी सॅक्स यांच्याबरोबर संभाषणांचा अभ्यास करताना १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून त्यांनी ते घडवले. त्यात सेकंदाच्या दहाव्या भागापर्यंत शांतता मोजतात. त्याहून लहान, निसटत्या विरामाला कंसात एक टिंब देतात. दोघांचे बोलणे एकमेकांवर चढले की चौकोनी कंस येतो, स्वर लांबला की विसर्गासारखी टिंबे येतात. असा एक पान मजकूर उतरवायला दिवसही जाऊ शकतो आणि वाचणाऱ्याला तो गणितासारखा दिसतो. एलिनोर ऑक्स या अभ्यासिकेने १९७९ सालच्या आपल्या निबंधात सांगितले की कोणती खूण ठेवायची आणि कोणती सोडायची हा निर्णयच एक सिद्धान्त असतो. साध्या भाषेत, तुम्ही काय उतरवले यावरून तुम्हांला काय महत्त्वाचे वाटले ते कळते.

आम्हांला एवढे सूक्ष्म नको होते. आम्ही चारच खुणा ठेवल्या. दोन सेकंदांहून मोठी शांतता कंसात आकड्याने. हसणे, रडणे, कोणी येणे-जाणे दुहेरी कंसात. आपण बदललेला किंवा झाकलेला मजकूर चौकोनी कंसात. आणि जे नीट ऐकू आले नाही ते साध्या कंसात, शंकेसह. ही शेवटची खूण आम्हांला सर्वांत प्रिय झाली. पंखा फिरत असतो, बाहेरून अंडेवाला ओरडत जातो, शब्द 'सास' होता की 'साथ' हे दहा वेळा ऐकूनही कळत नाही. 'सास ने छोड़ा' आणि 'साथ ने छोड़ा' यांत केवढा फरक! अशा वेळी अंदाजाने एक शब्द ठोकून देण्याचा मोह फार होतो. दोन्ही शब्द कंसात लिहून ठेवणे हेच बरोबर.

हे सारे पाश्चात्त्यांकडून आलेले शास्त्र आहे असे वाटत होते तोवर आम्हांला ते जरा परके वाटे. मग एकीला मदरशातले दिवस आठवले. हदीसच्या विद्वानांपुढे हाच प्रश्न होता. ऐकलेले वचन शब्दशः सांगायचे, म्हणजे रिवायत बिल्लफ्ज, की अर्थाने सांगितले तरी चालेल, म्हणजे रिवायत बिलमाना? बहुतेकांनी अर्थाने सांगण्याची मुभा दिली, पण अट घातली : भाषा जाणणाऱ्यालाच आणि कोणत्या शब्दाने अर्थ बदलतो हे ज्याला कळते त्यालाच. आणि अर्थाने सांगितले तर शेवटी 'किंवा जसे त्यांनी म्हटले असेल तसे' अशा आशयाचे शब्द जोडण्याचा अदब पाळला. सांगणाऱ्याला दोन शब्दांत शंका असली तर दोन्ही शब्द नोंदवून ही शंका रावीची आहे, असे म्हटले जाई. आमचा साधा कंस म्हणजे दुसरे काय? मोबाईलवर ध्वनिमुद्रण ऐकत बसलेल्या आम्ही रावीच होतो, फक्त आमची साखळी एकाच कडीची होती. पहिल्या खेपेस आम्ही बिलमाना रिवायत केली, आणि ती अट पाळली नाही. भाषा येत होती, पण कोणत्या शब्दात अर्थ राहतो हे कळले नव्हते.

पण इथेच एक पेच उभा राहतो. त्या शास्त्रात नाव हा सगळ्याचा पाया आहे. कोणी कोणाकडून ऐकले, तो माणूस कसा होता, कुठल्या गावचा, त्याची स्मरणशक्ती कशी, यावर ग्रंथांचे ग्रंथ आहेत. साखळीत 'एका माणसाने मला सांगितले' असे आले की तो रावी मुबहम, अस्पष्ट, आणि रिवायत कमजोर. एवढेच नव्हे, आपल्या उस्तादाचा उल्लेख लोकांना अपरिचित अशा नावाने किंवा कुनियतने करायचा, म्हणजे तो ओळखू येऊ नये, या प्रकाराला तदलीसचा एक भेद म्हटले आहे आणि तो नापसंत केला आहे. मग आम्ही करत होतो ते काय? आम्हीही खऱ्या व्यक्तीचा उल्लेख खोट्या नावाने करत होतो, तिला कोणी ओळखू नये म्हणून.

आम्ही यावर बराच विचार केला. विद्वानांनी या तदलीसचा दोष सरसकट सारखा मानलेला नाही. हेतूवर तो अवलंबून ठेवला आहे. उस्ताद कमजोर होता हे लपवण्यासाठी नाव बदलले तर दोष मोठा. आमच्या कामात लपवायचे होते ते बाईचे दुबळेपण नव्हे. तिच्यावर येऊ शकणारी आच टाळायची होती. दुसरा फरक आम्हांला अधिक महत्त्वाचा वाटतो. तदलीस करणारा नाव बदलले आहे हे सांगत नाही. आम्ही पहिल्याच पानावर सांगतो की नावे बदलली आहेत, आणि खरी नावे व बदललेली नावे यांची यादी एका वेगळ्या वहीत, मुलाखतींपासून दूर, कुलपात ठेवतो. झाकण आहे हे उघडपणे सांगितलेले झाकण फसवणूक होत नाही. मजलिशीत सांगितलेली गोष्ट अमानत असते हे आपण लहानपणापासून ऐकतो. पण अमानत परत करताना ती तीच वस्तू असली पाहिजे. सोन्याची बांगडी ठेवायला दिली आणि परत मिळाली ती पितळेची, वजन तेवढेच, तर काय म्हणायचे?

आणि नेमके तेच आमच्या हातून होऊ लागले. पहिल्या मसुद्यात आम्ही सगळ्या बायकांना सोपी, कानाला गोड नावे दिली. शबाना शेख, आयशा शेख, सानिया खान. तिघींनाही ते सुटसुटीत वाटले. त्याच बाईच्या मुलाखतीत पुढे एक वाक्य होते. तिचे खरे आडनाव आम्ही सांगणार नाही. ते एका जुन्या कारागिरीवरून आलेले आहे. त्या जागी इथे 'पिंजारी' समजा. जमातीतल्या एका वजनदार माणसाबद्दल ती सांगते :

एक जन तो मुँह पे बोले, [पिंजारी] की छोरी पढ़के क्या कलेक्टर होती?

आम्ही नियमाप्रमाणे आडनाव बदलले आणि वाक्य झाले 'शेख की छोरी पढ़के क्या कलेक्टर होती?' वाचून पाहा. आता ते वाक्य मुलींच्या शिक्षणाविरुद्धचे झाले. 'छोरी' या शब्दावर जोर आला. मूळ वाक्यात जोर पहिल्या शब्दावर होता. त्या माणसाची हरकत मुलीने शिकण्याला नव्हती. त्याच्या स्वतःच्या मुली कॉलेजात जातात. हरकत कापूस पिंजणाऱ्याच्या घरातून कोणी वर येण्याला होती. इस्लाममध्ये जातपात नाही हे खरे, आणि आपल्या मोहल्ल्यात ती आहे हेही आपल्याला माहीत आहे. पिंजारी, शिकलगार, मुलाणी, तांबोळी, बागवान, अत्तार, ही आडनावे नुसती हाक मारण्यासाठी नसतात. ती पणजोबाचा धंदा सांगतात, आणि लग्न जमवताना तो अजून विचारला जातो. आम्ही एक नाव सभ्यपणे बदलले आणि आपल्याच समाजातला एक दोष इतरांच्या, आणि खरे म्हणजे आपल्याही, नजरेआड केला.

म्हणून आम्ही पद्धत बदलली. नाव बदलण्याआधी ते नाव त्या वाक्यात काय काम करते ते विचारायचे. नुसती हाक असेल तर कोणतेही ठेवा. जात, पंथ, गाव, पिढी सांगत असेल तर तेच सांगणारे दुसरे नाव शोधा. इथेही सगळी कारागिरीची आडनावे सारखी नाहीत. अत्तार म्हटले की सुगंधाचा व्यापार, त्यात तो टोमणा बसत नाही. मुलाणी म्हटले की गावगाड्यातला बलुतेदार, त्यात हलाल करण्याचा मान असतो, त्याची गोष्ट निराळी. हाताने काम करणारा आणि गावात खाली गणला गेलेला, असे दोन्ही ज्यात येते ते नाव हवे होते.

पहिल्या नावांचीही तीच गत. आपल्याकडे साठीच्या बायका चाँदबी, मदिनाबी, हुसेनबी असतात. त्यांच्या मुली शबाना, तबस्सुम. नाती सानिया आणि अल्फिया. साठीच्या बाईला 'सानिया' केले की ती एका झटक्यात चाळीस वर्षांनी तरुण होते. हुसेनबीची आयशा केली की तिचे वय तेवढे बदलत नाही, पण तिच्या आईने कुठल्या दर्ग्याला नवस केला असेल तो पुसला जातो. कोकणातल्या बाईचे गावावरून आलेले '-कर' आडनाव काढून तिला पठाण केले तर तिच्या तोंडची बोली खोटी वाटू लागते. आणि हे बदल संगणकाच्या 'शोधा आणि बदला' या सोयीवर सोपवू नयेत. समजा एखादीचे नाव चाँद असेल आणि तुम्ही त्या जागी जैबून केले, तर पुढच्या पानावर लोक छतावर उभे राहून ईदचा जैबून पाहताना आढळतील. असे काहीसे आमच्या हातून झाले आहे.

एवढे करून आम्हांला वाटले की काम झाले. मग आम्ही तो मजकूर चुका काढायला ओळखीच्या एका शिक्षिकेला दिला. ती त्याच तालुक्यातली. दुसऱ्याच पानावर ती म्हणाली, 'ही तर अमुक.' आणि तिने खरे नाव घेतले. आडनाव बदललेले, पहिले नाव बदललेले, गावाचा उल्लेख नाही. मग कशावरून ओळखले? तर मुलाखतीत बाईने सांगितले होते की तिला एका सरकारी योजनेतून शिवणयंत्र मिळाले आणि त्यावर पोलके शिवून तिने मुलीची फी तीन वर्षे भरली. त्या गल्लीत त्या वर्षी यंत्र एकाच घरात आले होते.

ही चूक आमची एकट्यांची नाही, तिला मोठा इतिहास आहे. नॅन्सी शेपर-ह्यूज या अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ स्त्रीने आयर्लंडमधल्या एका खेड्यावर पुस्तक लिहिले. ते १९७९ साली आले. गावाला तिने बॅलिब्रॅन असे खोटे नाव दिले, माणसांची नावे आणि तपशील बदलले. पण गावाचा पत्ता लवकरच लागला, आणि गावकऱ्यांनी तर स्वतःला आणि शेजाऱ्यांना वाचताच ओळखले. वीस वर्षांनी, १९९९ मध्ये, ती परत गेली तेव्हा तिला गाव सोडून जावे लागले. त्याआधी १९५८ साली न्यूयॉर्क राज्यातल्या एका लहान गावाबद्दल व्हिडिच आणि बेन्समन यांचे पुस्तक आले, त्यात गावाचे नाव स्प्रिंगडेल असे ठेवलेले. गावकऱ्यांनी स्वातंत्र्यदिनाच्या मिरवणुकीत मुखवटे घालून, पुस्तकातली खोटी नावे लावून, लेखकाची टर उडवली. बाहेरच्या वाचकापासून नाव लपवता येते. आतल्या माणसापासून नावाने काहीच लपत नाही. तो गोष्टीवरून ओळखतो. आणि या बायकांना धोका असलाच तर तो पुण्या-मुंबईच्या वाचकापासून नाही. तो दिरापासून, जावेपासून, मशिदीच्या कमिटीतल्या त्या वजनदार माणसापासून आहे.

तर शिवणयंत्राचे काय करायचे? आमच्यातली एक म्हणाली, पापड करून टाका. दुसरी म्हणाली, तो परिच्छेदच गाळा. गाळला असता तर आई स्वतः कमावत होती, फी तिच्या पैशाची होती आणि तरीही निर्णय तिचा नव्हता, हे सगळे गेले असते. 'मैं क्या बोलनेवाली' या वाक्याचे निम्मे वजन त्या यंत्रावर आहे. पापड केले असते तर खोटे ठरले असते, आणि शिवाय वेगळे. पापडात चार बायका लागतात, ओसरीवर बोलणे होते; यंत्रावर ती एकटी असते. शेवटी आम्ही चौकोनी कंसात लिहिले : [घरी एकटीने करायचे कमाईचे काम]. तपशील धूसर केला, बदलला नाही. कंस दिसतो म्हणजे इथे काहीतरी झाकले आहे हे वाचणाऱ्याला कळते. 'तीन वर्षे फी भरली' हे तसेच ठेवले, कारण तशा आया गल्लीत आणखीही आहेत. वाचकहो, या लेखात यंत्राचा उल्लेख आम्ही केला तो तरी खरा कशावरून, असे तुम्ही विचाराल. तो बदललेलाच आहे. खरी वस्तू वेगळी होती, पण तीही एकटीने चालवायची होती आणि गल्लीत एकच आली होती.

हे सगळे ठरवून झाल्यावर आम्ही तो मजकूर घेऊन त्या बाईकडे परत गेलो. तिला कुराण वाचता येते, उर्दू वाचता येत नाही. आम्ही मोठ्याने वाचून दाखवले. आम्ही तिला खाला म्हणतो. ती आम्हांला टीचर म्हणते, कधी लाडात बेटी. नाव झाकले आहे हे ऐकून ती नाराज झाली. 'मेरा नाम कायकू निकाले? मैं चोरी की क्या?' म्हणाली. याचे उत्तर आमच्याजवळ तयार नव्हते. मुलाखत घेताना आम्ही नाव लपवण्याचे वचन जणू तिच्यावर उपकार म्हणून दिले होते. तिला ते नको आहे का, हे विचारलेच नव्हते. जन्मभर कोणाची बायको, कोणाची अम्मी म्हणून जगलेल्या बाईचे बोलणे पहिल्यांदा छापले जाणार, आणि त्यावर तिचे नाव नाही. ही एक प्रकारे दुसऱ्यांदा 'बोलके निकाले' झाले.

आम्ही तिला सांगितले, खाला, गोष्ट तुमची एकटीची नाही. तुमचे नाव आले की तुमच्या मुलीचे आले. तिचे लग्न झाले आहे. तिच्या सासरी हे सगळे वाचले जाईल. तिला विचारायचे का? खाला थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, तिला नको विचारू. आमचे म्हणणे तिला पटले की नाही हे आम्हांला अजून सांगता येत नाही. तिच्या स्वतःच्या शब्दांवर तिचा हक्क होता, त्या शब्दांत आलेल्या मुलीच्या आयुष्यावर नव्हता, असे आम्ही त्या दिवशी मानले. पण मग मुलीला न विचारता आम्ही तिची गोष्ट तरी का छापावी, याचे उत्तर आमच्यापाशी एवढेच आहे की आता ती ओळखू येत नाही. ते पुरेसे आहे का?

वाचन चालू होते. 'निकाला किसने' हा प्रश्न आला. आमच्यातल्या एकीने कंसातले वाचले, 'तीन सेकंद शांतता', आणि पुढे 'घरके'. त्या तीन सेकंदांवर आम्ही आपापसांत केवढी चर्चा केली होती! त्यात दुःख आहे, राग आहे, गिळलेला आवंढा आहे. खाला हसू लागली.

'चुप कहाँ बैठी मैं,' ती म्हणाली. 'दरवाजे में आके खड़े थे ना वो. जाने तक रुकी.'

ध्वनिमुद्रणात पावले ऐकू येत नाहीत. समोर बसलेल्या आमच्यातल्या एकीला ते आठवले, तेव्हा मुलाखत घेण्याच्या गडबडीत तिने वहीत टिपले नव्हते. म्हणजे ती शांतता आवंढ्याची नव्हती, आणि रिकामीही नव्हती. 'घरके' हा शब्द दारातून कोणी गेल्यावर, त्याच्या पाठीमागे उच्चारला गेला होता. आता ते नोंदवणे भाग होते, आणि कोण ते लिहिले तर पुन्हा ओळख पटणार होती. आम्ही तीनच्या आकड्यापुढे दुहेरी कंस उघडला आणि लिहिले : ((घरातले कोणी दारात येऊन जाते)). 'कोणी' या शब्दात पुरुष की स्त्री, थोर की लहान, काही कळत नाही. खालाला ते वाचून दाखवले. ती म्हणाली, 'हौ, ऐसाच लिखो.'

निघताना आम्ही विचारले, खाला, निदान बदललेले नाव तरी तुम्ही सांगा, आम्ही ठरवलेले नको. ती पदराने तोंड झाकून हसली. 'शहजादबी लिखो,' म्हणाली. आम्ही एकमेकींकडे पाहिले. वाचणाऱ्याला वाटेल मास्तरणींनी उपहासाने ठेवले, अशी शंका तिघींच्याही मनात आली. मग लक्षात आले की तिच्या पिढीत आणि आमच्या गावात हे नाव शोभणारे आहे. यादीच्या वहीत तिच्या खऱ्या नावासमोर आम्ही ते लिहिले, आणि पुढे कंसात : नाव बाईने स्वतः निवडले.